डिअर अ‍ॅडमिशन ऑफिस...

शुक्रवार संध्याकाळ. हिंजवडीतल्या फूड कोर्टात कॉफीचा तिसरा राउंड. अर्धं टेबल वीकेंडच्या प्लॅनमध्ये बुडालेलं आणि माझी मैत्रीण मात्र मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली. ‘काय गं, काय झालं?’ असं विचारलं तर तिने स्क्रीनच माझ्यासमोर धरला. जर्मनीतल्या एका विद्यापीठाकडून आलेली मेल. दोन ओळींची. पहिल्या ओळीत आभार, दुसऱ्या ओळीत ‘भाषेसंबंधीच्या अटी आमच्या वेबसाइटवर दिलेल्या आहेत’ आणि खाली लिंक. तीच लिंक, जी वाचून हिला प्रश्न पडला होता!

‘आठ दिवस वाट बघितली गं या दोन ओळींसाठी,’ ती वैतागून म्हणाली.

मग मी तिची मूळ मेल मागितली. वाचली. आणि मला त्या जर्मन ऑफिसातल्या बाईंचीच दया आली.

जर्मनीत मास्टर्स करायला निघालेले आपल्या आजूबाजूला डझनभर तरी सापडतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही किंवा अगदी कमी, आणि इंग्रजीतून शिकवले जाणारे कोर्सेसही भरपूर. तरीही बरेचजण पहिल्यांदा अडखळतात ते भाषेच्या अटीवर. आयईएलटीएस लागेल का? जुनं चालेल का? इंजिनीअरिंग इंग्रजीतूनच केलंय, मग पुन्हा परीक्षा कशाला? कोर्स इंग्रजीत आहे, तर जर्मन कितपत यायला हवं? या प्रश्नांची उत्तरं सीनियर देतो, कन्सल्टंट देतो, ऑफिसातला कुणीतरी ‘माझा मावसभाऊ गेला होता’वाला देतो. आणि तिघांची तीन उत्तरं! ज्याच्या उत्तराला खरंच किंमत आहे, ते अ‍ॅडमिशन ऑफिस मात्र सगळ्यात शेवटी आठवतं. तेही अशा मेलमधून, जिला उत्तर देणं कुणालाच शक्य नसतं.

त्या मेलमध्ये नेमकं काय होतं?

२०२५ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मैत्रिणीची मेल ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होत होती. मग दहावीपासूनचे मार्क्स, बी.ई.चा ग्रेड, पाच वर्षांचा टेस्टिंगमधला अनुभव, जर्मन इंजिनीअरिंगबद्दलचं लहानपणापासूनचं प्रेम. त्यानंतर प्रश्न: ‘आयईएलटीएस कम्पल्सरी आहे का? आणि मी अ‍ॅडमिशनसाठी पात्र आहे का?’ शेवटी आपलं लाडकं ‘काइंडली डू द नीडफुल’.

यातल्या दोन्ही प्रश्नांना ऑफिस काय उत्तर देणार? पहिल्याचं उत्तर वेबसाइटवर आहे: इंग्रजीचा पुरावा हवा. दुसऱ्याचं उत्तर अर्ज आणि सगळी कागदपत्रं बघितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण तो निर्णय प्रवेश समितीचा असतो. समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला तो अधिकारच नाही. शेकडो मेल्सच्या ढिगाऱ्यात ही उघडल्यावर हात आपोआप तयार उत्तराकडे जाणार. लिंक टाकली, संपला विषय.

गंमत म्हणजे तिचा खरा प्रश्न भलताच होता, आणि तो खरोखर अवघड होता. तिने आयईएलटीएस दिली होती १२ ऑगस्ट २०२३ ला. ओव्हरऑल ७. आयईएलटीएसचा निकाल साधारणपणे दोन वर्षं धरला जातो, म्हणजे १२ ऑगस्ट २०२५ पर्यंत. अर्जाची शेवटची तारीख होती ३१ मे २०२५ आणि सत्र सुरू होणार १ ऑक्टोबरला. अर्ज करताना निकाल जिवंत, प्रत्यक्ष प्रवेश घेताना मेलेला! मग ‘वैध’ म्हणजे कुठल्या दिवशी वैध?

पुन्हा परीक्षा द्यायची तर १७-१८ हजार रुपये, वर तयारी आणि सुट्टी. नाही दिली आणि ऑक्टोबरमध्ये रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर अडवलं, तर नोकरीचा राजीनामा, तिकीट आणि एक अख्खं वर्ष पाण्यात. हा प्रश्न तिच्या लांबलचक मेलमध्ये कुठेच नव्हता. ‘एवढं डिटेलमध्ये विचारलं तर त्यांना राग येईल असं वाटलं,’ ती म्हणाली.

राग डिटेलचा येत नाही हो. जिथे प्रश्नच सापडत नाही, तिथे येतो.

पीडीएफ उघडण्याचं धाडस

दुसरी मेल लिहायच्या आधी आम्ही शनिवारची दुपार एका कामाला लावली. कोर्सचं चकचकीत इंग्रजी पान बाजूला ठेवलं आणि त्या कोर्सची प्रवेश-नियमावली शोधली. जर्मन विद्यापीठांत प्रवेशाच्या अटी अशा नियमावलीत कलमवार लिहिलेल्या असतात. जर्मनमध्ये तिला ‘त्सुलासुंग्स-झात्सुंग’ किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी म्हणतात (उच्चार करायला जाऊ नका, जीभ मुरगळते). पान इंग्रजीत असलं तरी कायदेशीर मजकूर जर्मनच मानला जातो. इंग्रजी भाषांतर असलंच तर ते फक्त माहितीसाठी, असं बऱ्याचदा त्यावरच छापलेलं असतं.

जर्मन येत नसेल तरी घाबरू नका. पीडीएफमध्ये Englisch किंवा Sprachnachweis हे शब्द सर्च करा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘भाषेचा पुरावा’. नेमका परिच्छेद सापडतो, मग डिक्शनरी घेऊन तेवढाच वाचायचा. आम्हाला कलम ४ सापडलं. त्यात दोन गोष्टी वेबसाइटपेक्षा स्पष्ट होत्या. एक, इंग्रजी ‘बी२’ पातळीचं हवं आणि आयईएलटीएस साडेसहा त्यासाठी पुरे. दोन, परीक्षेतून सूट कुणाला, तर ज्याची पदवी इंग्रजी भाषक देशातली आहे त्याला.

हे दुसरं वाक्य नीट वाचा, कारण पुण्या-मुंबईचे बरेच इंजिनीअर इथेच फसतात. आपल्या कॉलेजकडून आपण ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’चं पत्र आणतो, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडातलं ‘एमओआय’. संपूर्ण पदवी इंग्रजी माध्यमातून झाली, असं कॉलेज किंवा विद्यापीठ लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून देतं. काही जर्मन विद्यापीठं ते चालवून घेतात. त्यांच्या नियमात ‘इंग्रजी माध्यमातून घेतलेली पदवी’ असे शब्द असतात. पण ‘इंग्रजी भाषक देशातली पदवी’ ही वेगळी अट आहे. तिथे बहुधा ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी यादी अभिप्रेत असते आणि भारत त्या यादीत नसतो. आपण लेक्चरपासून व्हायवापर्यंत सगळं इंग्रजीत केलं (निदान कागदोपत्री तरी!) हा मुद्दा तिथे लागूच होत नाही. कन्सल्टंट जेव्हा ‘एमओआय चालतं हो सगळीकडे’ म्हणतो, तेव्हा त्याने कुठल्या तरी एका विद्यापीठाचा नियम सगळ्यांना लावलेला असतो.

मेल कुणाला?

साइटवर तीन पत्ते होते. विद्यार्थी प्रवेश कार्यालय, इंटरनॅशनल ऑफिस आणि त्या कोर्सचा समन्वयक. मैत्रिणीने पहिल्या वेळी तिन्ही पत्त्यांवर वेगवेगळी मेल टाकली होती. हा खास आपला फंडा: तिघांपैकी कुणीतरी देईल की उत्तर! होतं उलटंच. प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघेल, किंवा दोघं दोन वेगळी उत्तरं देतात आणि आपण आणखी गोंधळतो.

दाखला कुठला, किती जुना, कधीपर्यंत द्यायचा, हे औपचारिक प्रश्न प्रवेश कार्यालयाचे. शिकवणं प्रत्यक्ष कुठल्या भाषेत होतं, इलेक्टिव्ह विषय जर्मनमध्ये आहेत का, प्रोजेक्ट कंपनीत करायचा झाल्यास जर्मन लागतं का, हे प्रश्न कोर्सच्या समन्वयकाचे. समन्वयक प्रेमळपणे ‘काही हरकत नाही’ म्हणाला, तरी दाखल्याच्या मुदतीबाबत त्याचा शब्द चालेलच असं नाही.

आणि मेल स्वतःच्या पत्त्यावरून, पासपोर्टवरच्या नावाने लिहायची. कन्सल्टंटने परस्पर विचारलं तर डेटा प्रायव्हसीचं कारण देऊन ऑफिस उत्तर नाकारू शकतं.

दुसरी मेल

सोमवार, २८ एप्रिल २०२५. मेल अर्थातच इंग्रजीत होती, तिचा मराठी अवतार असा:

‘विषय: एम.एस्सी. (कोर्सचं नाव), हिवाळी सत्र २०२५-२६, इंग्रजीच्या दाखल्याची वैधता

प्रिय श्रीमती (आडनाव),

वरील अभ्यासक्रमासाठी मी ३१ मेपूर्वी अर्ज करणार आहे. माझी बी.ई. पदवी भारतातली आहे. प्रवेश-नियमावलीच्या कलम ४ मध्ये इंग्रजीचा वैध दाखला मागितला आहे. त्याबद्दल दोन प्रश्न आहेत.

१. माझी आयईएलटीएस परीक्षा १२ ऑगस्ट २०२३ ला झाली असून ओव्हरऑल गुण ७ आहेत. हा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेला दोन वर्षांच्या आत आहे, पण १ ऑक्टोबरला नसेल. निकाल अर्जाच्या तारखेला वैध असणं पुरेसं आहे, की प्रवेश घेतानाही तो वैध असावा लागतो?

२. तो पुरेसा नसेल, तर भारतातली पदवी पूर्णपणे इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्र कलम ४ नुसार स्वीकारलं जातं का?

निकालाची प्रत सोबत जोडली आहे. धन्यवाद.’

खाली पूर्ण नाव, जन्मतारीख. बस्स! लहानपणीचं प्रेम गायब, मार्क्स गायब.

यात काय बदललं ते बघा. प्रश्नाचं उत्तर ‘हे’ किंवा ‘ते’ असं एका शब्दात देता येतं. कलमाचा नंबर दिल्यामुळे वेबसाइट वाचलेली आहे हे न सांगता कळतं, आणि लिंक परत पाठवायची सोय उरत नाही. तारखा लिहिल्यामुळे समोरच्याला गणित करावं लागत नाही. ‘आयईएलटीएसमधून सूट मिळेल का’ असा केविलवाणा सूरही नाही. नियम लागू कसा होतो एवढंच विचारलंय. सवलत द्यायचा अधिकार त्या खुर्चीला नसतो, नियम समजावून सांगायचा असतो.

‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ गेलं, कारण साइटवर बाईंचं नाव होतं. नाव दिसत असेल तर आडनावाने संबोधायचं आणि डॉक्टर वगैरे उपाधी असेल तर ती गाळायची नाही. जर्मन लोक याबाबत आपल्यापेक्षा काटेकोर!

उत्तर आलं, पण म्हणजे काय आलं?

उत्तर ६ मेच्या मंगळवारी आलं. मधला १ मे आपल्याला महाराष्ट्र दिन, त्यांना कामगार दिन, तिथेही सुट्टी. चार ओळी होत्या. अर्जाच्या शेवटच्या तारखेला निकाल दोन वर्षांच्या आतला असेल तर पुरेसं आहे. प्रवेश घेताना तोच निकाल मूळ स्वरूपात दाखवावा. कॉलेजचं माध्यमाचं पत्र या कोर्ससाठी स्वीकारलं जात नाही.

म्हणजे १७-१८ हजार वाचले. आणि एमओआयसाठी कॉलेजच्या ऑफिसात चकरा मारायच्याही वाचल्या, हा बोनस.

ही मेल तिने पीडीएफ करून जपून ठेवली आणि अर्जाबरोबर अपलोडही केली. हे करायचं कारण साधं आहे: उत्तर देणारी व्यक्ती आणि अर्ज तपासणारी व्यक्ती एकच असेल याची खात्री नसते. काही विद्यापीठांचे अर्ज तर आधी बर्लिनच्या ‘युनि-असिस्ट’ या संस्थेकडे जातात आणि तिथे कागदपत्रांची प्राथमिक तपासणी होते. तिथल्या माणसाला तुमचा पत्रव्यवहार कुठून माहीत असणार?

पण सगळीच उत्तरं इतकी सरळ नसतात. मैत्रिणीच्या टीममधल्या एकाला दुसऱ्या विद्यापीठाकडून उत्तर आलं होतं की, ‘तुम्ही या दाखल्यासह अर्ज करू शकता, अंतिम निर्णय समिती घेईल.’ पठ्ठ्याने पार्टी दिली! मला विचाराल तर हे ‘हो’ नव्हे. अर्ज करायला कुणालाच बंदी नसते, एवढंच ते वाक्य सांगतं. अशा वेळी आणखी एक मेल करायला हरकत नाही, पण ती ‘प्लीज कन्फर्म’ म्हणणारी नको. विचारायचं ते असं: हा दाखला अपुरा ठरल्यास नंतर दुसरा देण्याची मुभा आहे का, आणि कुठल्या तारखेपर्यंत? काही ठिकाणी अटीसह प्रवेश मिळतो आणि भाषेचा दाखला रजिस्ट्रेशनपर्यंत देता येतो. काही ठिकाणी शेवटच्या तारखेनंतर एक कागदही घेत नाहीत. त्या एका तारखेवर ठरतं की परीक्षेचा स्लॉट आज बुक करायचा की महिन्याने.

आणि जर्मनचं काय?

मैत्रिणीच्या यादीतला दुसरा कोर्स होता, अर्जाची तारीख १५ जुलै, युनि-असिस्टमार्फत. डाडच्या (म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवेच्या) कोर्सच्या यादीत भाषा लिहिली होती: जर्मन, इंग्रजी. अटींमध्ये इंग्रजीचा दाखला सक्तीचा आणि जर्मन बी१ ‘शिफारस’. ‘शिफारसच आहे ना, मग सोडून दे,’ असं ऑफिसात सगळ्यांचं एकमत.

यावेळी मेल समन्वयकाला गेली. प्रश्न एवढाच: फक्त इंग्रजी विषय निवडून सगळे क्रेडिट्स पूर्ण होतात का? होत असतील तर निवडीसाठी किती विषय उरतात?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. समन्वयक स्वतः शिकवणारा माणूस होता, त्याने मनापासून लिहिलं. सक्तीचे सगळे विषय इंग्रजीत. इलेक्टिव्हपैकी मात्र जे ऑटोमोटिव्ह टेस्टिंगचे आहेत, ते जवळजवळ सगळे जर्मनमध्ये. डिग्री इंग्रजीवर पूर्ण होते, पण ज्यासाठी ही बाई तिकडे निघाली होती, नेमका तोच भाग हातातून निसटतो! कागदावर अट नव्हती, व्यवहारात होती.

आता बी१ म्हणजे किती? गटे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्स म्युलर भवनच्या हिशेबाने शून्यापासून बी१ गाठायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. ऑफिस सांभाळून, शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये, जुलैच्या आधी? अशक्य. तिने तो कोर्स यादीतून काढला. आधी तिला तो पहिल्या पसंतीचा वाटत होता. युनि-असिस्टची एका सत्रातल्या पहिल्या अर्जाची फी ७५ युरो. ती भरायच्या आधी हे कळलं, एवढं समाधान.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. विद्यापीठाने भाषेचा दाखला मान्य केला म्हणून व्हिसाचं काम झालं असं समजू नका. व्हिसाच्या कागदपत्रांची यादी जर्मन वकिलातीची असते आणि ती वेगळी तपासावी लागते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागू झालेलं एपीएस सर्टिफिकेटही वेगळं. त्यात तुमच्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी होते. विद्यापीठाची भाषेची अट त्याने पूर्ण होत नाही.

मैत्रिणीने पहिल्या कोर्सचा अर्ज १९ मेला पाठवला. टीममधला तो पार्टीवाला ‘अजून वेळ आहे’ म्हणत थांबला. ३१ मे हा शनिवार होता. त्याने समितीबद्दलची दुसरी मेल पाठवली गुरुवारी, २९ मे रोजी दुपारी. तो दिवस जर्मनीत ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवार जोडून चार दिवस गायब व्हायची तिथे पद्धतच आहे. आपण त्याला दांडी म्हणतो, ते अशा दिवसाला ‘पूल’ म्हणतात. त्याला मिनिटभरात ऑटो-रिप्लाय आला: कार्यालय सोमवार, २ जूनपासून पुन्हा सुरू होईल.